हुर्राकाचे दिवस आणि रात्री अडीचची जाग : पाळी गेल्यावरचा घाम, झोप आणि हाडं

पेडणेची_वैनी
प्रश्न माझ्या थोरल्या जावेचा आहे. त्यांच्या परवानगीनेच लिहितेय. वय ५४, पाळी थांबून तीन वर्षं झाली. अंग एकदम तापून घाम फुटण्याचे वाफारे आधीपासून होते, दिवसाला दोन-तीन, सहन होण्यासारखे. मार्चमध्ये काजूच्या बोंडूंचा हुर्राक निघायला लागला की आमच्याकडे संध्याकाळी पडवीवर सगळे बसतात. त्या दोन ग्लास घेतात, लिंबू, मीठ, उभी चिरलेली मिरची आणि सोडा घालून. साडेआठला सुरू, दहापर्यंत संपतं, अकराला झोप. आणि बरोबर अडीचच्या सुमाराला जाग. मानेखालची उशी ओली, छाती धडधडतेय, बाथरूमला जाऊन आल्यावर पहाटे पाचपर्यंत डोळा लागत नाही. पावसाळ्यात, घेणं बंद असतं तेव्हा, इतकं होत नाही.
गेल्या महिन्यात हाडांची घनता मोजणारी डेक्सा केली. कण्याचा टी-स्कोअर उणे १.८ आला. त्यांचं म्हणणं, "हुर्राक म्हणजे काय दारू? रसच तो." मला विचारायचंय, ही जाग पाळीची की ग्लासाची? आणि हाडांचा याच्याशी संबंध आहे का?

शांत_मांडवी
ग्लासाची. धागा बंद करायला हरकत नाही. :)

सांगे_ते_सत्तरी
आमच्याकडे गुडघ्याला फेणी चोळतात आणि आराम पडतो. पोटात घेण्यापेक्षा ते बरं. हाडांसाठी कुणी करून बघितलंय का?

शांत_मांडवी
@सांगे_ते_सत्तरी, गुडघा बरा होत असेल तो चोळण्याने. आणि वास येत असल्याने घरचे लोक जरा लांब बसतात, त्याचाही आराम असतो.

भट्टीकार
आधी "रसच तो" याचा निकाल लावतो. बोंडूचा रस आंबवून पहिल्यांदा उकळला की निघतो तो हुर्राक, दुसऱ्यांदा ऊर्ध्वपातन केलं की फेणी. म्हणजे हुर्राकही भट्टीतूनच येतो, नुसता आंबवलेला रस नव्हे. त्यात अल्कोहोल साधारण १५ टक्के धरा. पण घरगुती मालावर लेबल नसतं आणि भट्टीगणिक फरक पडतो. पहिल्या धारेचा आणि शेवटच्या धारेचा माल सारखा नसतो.
एक घोटाळा नेहमी होतो. लोक "१९ ग्रावची फेणी" ऐकतात आणि १९ टक्के समजतात. ग्राव हे काट्याचं वेगळं माप आहे, टक्के नव्हे. बाटलीबंद फेणीवर साधारण ४२ ते ४५ टक्के छापलेलं असतं, तेच हिशेबाला घ्यायचं.
वैनी, ग्लास केवढा? आणि त्यात निव्वळ हुर्राक किती, सोडा किती?

पेडणेची_वैनी
स्टीलचा पेला आहे. मापून बघितलं. निम्म्याहून थोडा जास्त हुर्राक ओततात, १८० मिली भरला. वर सोडा.

मीनाक्षी_फोंडा
(स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, पण तपासल्याशिवाय निदान करत नाही. हे चर्चेपुरतं.)
भट्टीकारांच्या आकड्यावरून हिशेब मांडते, कारण बरंचसं उत्तर त्यातच आहे. १८० मिलीचे दोन म्हणजे ३६० मिली. त्याचे १५ टक्के म्हणजे ५४ मिली शुद्ध अल्कोहोल. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं असल्याने ०.७९ ने गुणायचं, म्हणजे जवळपास ४३ ग्रॅम. फेणीच्या भाषेत दोन मोठ्या पेगांपेक्षा किंचित जास्तच. साठ मिलीच्या एका पेगात साधारण २० ग्रॅम असतात.
यकृत हे तासाला साधारण सात ग्रॅम या बेताने संपवतं. माणसागणिक थोडं मागेपुढे होतं, पण कॉफी पिऊन किंवा थंड पाण्याने आंघोळ करून तो वेग वाढत नाही. ४३ भागिले ७ म्हणजे सहा तास. साडेआठला सुरुवात केली तर रक्तातलं अल्कोहोल संपत येतं ते अडीचला. मिनिटाचा हिशेब यात लावू नका, पण वेळ जुळते हे नक्की.
अल्कोहोल असेपर्यंत मेंदूवर गुंगीचा दाब असतो. झोप पटकन लागते, रात्रीचा पहिला भाग गाढ जातो आणि स्वप्नांची झोप दाबली जाते. ते उतरलं की दाब सुटतो आणि मेंदू उलट्या बाजूला झुकतो. नाडी वाढते, झोप पातळ होते, दाबलेली स्वप्नं एकदम गर्दी करतात. शिवाय अल्कोहोल लघवी आवरणारं संप्रेरक दाबतं, म्हणून मूत्राशयही त्याच सुमाराला भरतं.
आता यात पाळी गेल्याचा भाग. इस्ट्रोजेन कमी झालं की मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र हळवं होतं. पूर्वी शरीर जरासं तापलं तरी ते केंद्र दुर्लक्ष करायचं. आता अर्ध्या अंशाच्या आतल्या फरकालाही ते "फार गरम झालं" म्हणून घाम सोडतं आणि त्वचेच्या रक्तवाहिन्या उघडतं. अल्कोहोल त्वचेच्या रक्तवाहिन्या स्वतःच उघडतं. चेहरा लाल होतो तो त्यामुळेच. एक जण काठावर उभा आणि दुसरा मागून ढकलतोय, असा हा प्रकार आहे. पातळ झोपेत वाफारा आला की जाग येणारच. तोच वाफारा गाढ झोपेत कदाचित कळलाही नसता.
तेव्हा "पाळीची की ग्लासाची" याचं उत्तर दोन्ही. वाफारा पाळीचा, पण त्याला अडीचची वेळ दिली ती ग्लासाने.

कदंब_९२
इतकं सरळ नाही हो. मी वाचलंय की थोडी वाइन घेणाऱ्या बायकांना वाफारे कमी येतात, आणि हाडांची घनताही जास्त असते. म्हणजे प्रमाणात असेल तर उलट फायदाच. रेड वाइनमध्ये ते रेझ्व्हेराट्रॉल असतं ना!

मीनाक्षी_फोंडा
@कदंब_९२, अर्धं खरं आहे.
वाफाऱ्यांबद्दल अभ्यासांत एकमत नाही. काहींत पिणाऱ्यांना जास्त, काहींत थोडं पिणाऱ्यांना कमी असं दिसलं. मोठ्या लोकसंख्येची सरासरी आणि एका बाईची एक रात्र यांत फरक असतो. काहींना एका घोटाने वाफारा येतो, काहींना दोन पेग घेऊनही येत नाही. म्हणून प्रत्येकीने स्वतःवर पडताळून बघावं. कसं, ते खाली लिहिते.
घनतेबद्दलही तुम्ही म्हणता तसं निरीक्षण आहे. पाळी गेल्यानंतर हाड झिजवणाऱ्या पेशी जोरात असतात आणि बांधणाऱ्या मागे पडतात. थोडं अल्कोहोल ही सगळी उलाढालच मंद करतं. २०१२ साली एका लहानशा अमेरिकी अभ्यासात, रोज थोडं घेणाऱ्या बायकांनी चौदा दिवस बंद केल्यावर रक्तातले हाडांच्या उलाढालीचे निर्देशांक वाढले आणि पुन्हा घेतल्यावर दुसऱ्याच दिवशी खाली आले. लोक यावरून थेट "वाइन हाडांना चांगली" इथवर पोचतात. निर्देशांक खाली येणं म्हणजे हाड मोडण्याचा धोका कमी होणं नव्हे, आणि चौदा दिवसांत हाड बदलतही नाही.
रेझ्व्हेराट्रॉलचं म्हणाल तर त्याचे प्रयोग ज्या मात्रेत होतात तेवढं मिळवायला किती बाटल्या लागतील याचा हिशेब भट्टीकारांनी करावा.

भट्टीकार
वाइनचा हिशेब आम्ही करत नाही, पण बाटल्या विकायला तयार आहोत.

कदंब_९२
ठीक. मग "थोडं" म्हणजे किती, ते सांगा. तिथेच सगळे डॉक्टर गप्प होतात.

मीनाक्षी_फोंडा
गप्प नाही. हाड मोडण्याचा दहा वर्षांचा धोका काढायला फ्रॅक्स म्हणून एक गणकयंत्र वापरतात. त्यात अल्कोहोलचा एकच प्रश्न असतो : रोज तीन किंवा अधिक युनिट घेता का? युनिट म्हणजे ८ ते १० ग्रॅम. वैनींच्या जावेचे ४३ ग्रॅम म्हणजे चार युनिटांच्या वर. त्या रेषेच्या बऱ्याच पलीकडे, तेही रोज.
आता यात खरी अडचण. फ्रॅक्स "हो की नाही" एवढंच विचारतं. त्या वर्षातले तीन महिने रोज घेतात, बाकी जवळजवळ नाही. चौकोनात काय भरायचं? मी "हो" भरून एकदा आणि "नाही" भरून एकदा काढते आणि दोन्ही आकडे त्यांच्यासमोर ठेवते. याहून नेमकं उत्तर माझ्याकडे नाही.
जास्त प्रमाणात अल्कोहोल हाड बांधणाऱ्या पेशींचं काम थेट मंद करतं. वर्षानुवर्षं चाललं तर यकृतातलं ड जीवनसत्त्वाचं रूपांतरही बिघडू शकतं. उणे १.८ म्हणजे घनता कमी आहे, पण ऑस्टिओपोरोसिस नाही. तो उणे २.५ पासून. पाळी थांबल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत कण्याचं हाड सर्वांत वेगाने जातं, साधारण वर्षाला दोन टक्क्यांच्या आसपास. त्या सध्या नेमक्या त्याच काळात आहेत.

नर्स_वाळपई
मीनाक्षीताई घनतेचं बोलल्या, मी पडण्याचं बोलते. मनगट मोडून येणाऱ्या पन्नाशीतल्या बायकांना मी एकच विचारते, कुठे पडलात आणि किती वाजता? अडीचला अर्धवट झोपेत, घामाने ओल्या पायांनी, लाईट न लावता बाथरूमला जाणं हाच धोका आहे. घनता उणे १.८ असतानाही असं पडून हाड मोडतं. डेक्साचा आकडा सुधारायला वर्षं लागतात, बाथरूमच्या वाटेवर एक छोटा रात्रीचा दिवा आजच लागतो. गुळगुळीत लाद्यांवरची पायपुसणीही काढा, ती सरकतात. आणि घामाने भिजून उठल्यावर दोन मिनिटं खाटेच्या कडेला बसावं, मग उभं राहावं. अल्कोहोलने आणि घामाने पाणी गेलेलं असतं, एकदम उभं राहिलं की चक्कर येते.

ताळगावची_बाय
मीठ विसरलात सगळे! हुर्राकात मीठ, सोबत सुकी सुंगटं, पापड, खारे काजू. मीठ जास्त गेलं की लघवीतून कॅल्शियमही जातं. आणि दोन ग्लासांनंतर जेवण किती जातं, तेही विचारा. बहुतेक वेळा दोन घास.

मीनाक्षी_फोंडा
बरोबर. पाळी गेल्यावर दिवसाला सुमारे १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. नाचणीत १०० ग्रॅमला साधारण ३५० असतं. तारल्यांसारखी बारीक मासळी काट्यांसकट खाल्ली तर चांगलं मिळतं. रात्रीचं जेवणच सुटलं तर ती भरती होत नाही.

औषधवाला_म्हापसा
मला वेगळीच शंका येते. वैनी, जावेला मधुमेह आहे का? गोळ्या कोणत्या? रात्री अडीचला घाम आणि धडधड म्हटलं की मी आधी हे विचारतो. २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं प्रमाण सर्वांत जास्त निघालं ते गोव्यात, २६.४ टक्के. सगळं पाळीवर ढकलू नका.

पेडणेची_वैनी
आहे! लिहायचं राहिलं, कारण मला वाटलं त्याचा संबंध नाही. मेटफॉर्मिन दोन वेळा आणि ग्लिमेपिराइड रात्रीच्या जेवणाआधी.

औषधवाला_म्हापसा
मग संबंध आहे. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाकडून इन्सुलिन सोडवत राहतं, जेवलात की नाही ते बघत नाही. साखर खाली आली की एरवी यकृत नवी साखर तयार करून देतं. अल्कोहोल पचवण्यात गुंतलेलं यकृत ते काम नीट करत नाही. त्यात ताळगावच्या बाय म्हणतात तसे दोनच घास खाल्ले असतील तर मध्यरात्री साखर घसरते आणि घाम फुटतो. तो घाम वाफाऱ्यासारखाच दिसतो.
ओळखायची खूण : वाफारा छातीतून वर चढतो, कातडी गरम आणि लाल होते, काही मिनिटांत ओसरतो आणि मागून थंडी वाजते. साखर उतरली की घाम गार असतो, हात थरथरतात, भूक लागते, बोलणं अडखळतं. पण झोपेतून उठलेल्या माणसाला हा फरक कळेलच असं नाही, म्हणून ग्लुकोमीटर उशाशी ठेवा. ७० च्या खाली आलं तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं, मग काहीतरी खायचं. आणि ही गोळी ज्यांनी दिली त्यांना हुर्राकाचं स्पष्ट सांगा. स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका.

कदंब_९२
हे मला माहीत नव्हतं. चांगली माहिती.

अस्नोडा_एक्सप्रेस
माझं वेगळं आहे. मी बीअरच घेते, त्याने थंडावा मिळतो, वाफारे येत नाहीत. बीअरमधलं सिलिकॉन हाडांना चांगलं असं एक मैत्रीण म्हणाली.

मीनाक्षी_फोंडा
बीअरमध्ये सिलिकॉन असतं हे खरं, पण त्यासाठी बीअर घेणं म्हणजे लोणच्यातल्या कैरीसाठी मीठ खाणं. ६५० मिलीची पाच टक्क्यांची बाटली म्हणजे जवळपास २६ ग्रॅम, आठ टक्क्यांची स्ट्राँग असेल तर ४१. थंडावा ग्लासाचा असतो, पोटात गेल्यावर काम तेच. तुम्हाला वाफारे येत नसतील तर छान, पण झोपेची वही ठेवून बघा.

अस्नोडा_एक्सप्रेस
वही कशी ठेवायची ते कुणी सांगेल का? सगळे नुसते "नोंद ठेवा" म्हणतात.

मीनाक्षी_फोंडा
साधी ठेवा, नाहीतर चार दिवसांत सुटते. रोज सकाळी एक ओळ : शेवटचा घोट किती वाजता, एकूण किती मिली (पेल्यावर खूण करून), रात्री किती वाजता जाग आली, आणि जाग आल्यावर पहिलं काय जाणवलं, लघवी, उष्णता की धडधड. हा शेवटचा रकाना सर्वांत उपयोगी. लघवीने जाग येऊन मागून वाफारा आला, तर वाफाऱ्याने झोपमोड झालेलीच नाही.
पहिला आठवडा नेहमीसारखं. पुढचे दोन आठवडे अजिबात नाही. निकाल मात्र शेवटच्या आठवड्यावरच काढायचा. बंद केल्यावर पहिले काही दिवस झोप उलट बिघडते, स्वप्नं जास्त पडतात. इथेच बहुतेक जणी म्हणतात, "बघा, घेतल्याशिवाय झोपच येत नाही," आणि सोडून देतात.
एक अट. वर्षभर रोज भरपूर घेणाऱ्या बाईने असं एकदम बंद करायचं नाही. सकाळी हात थरथरणं, घाम, अस्वस्थपणा आणि पहिल्या घोटाने ते थांबणं, असं असेल तर तो घाम पाळीचा नव्हे. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच कमी करायचं, फिट येऊ शकते.

नर्स_वाळपई
आणि घरच्यांनी "हिचं पाळीचंच आहे" म्हणून हसण्यावारी नेऊ नये. न पिणाऱ्या बाईला रात्रीच्या घामाबरोबर ताप, खोकला, वजन घटणं असेल तर क्षयासाठी थुंकी तपासा. थायरॉइडही.

शांत_मांडवी
पूर्ण बंद न करता वेळ बदलली तर? साडेआठऐवजी साडेसहा?

मीनाक्षी_फोंडा
चांगला प्रश्न. हिशेबाने बघा : साडेसहाला ९० मिली हुर्राक घेतला तर जवळपास ११ ग्रॅम, दीड-दोन तासांत संपतो, झोपेआधी मोकळं. ४३ ग्रॅम साडेसहाला घेतले तर साडेबाराला संपतात, म्हणजे अडीचची जाग साडेबाराला येणार, एवढंच. वेळेपेक्षा मापाने फरक पडतो. वेळेचा फायदा माप लहान असेल तरच. आणि हे झोपेपुरतं, स्तनाच्या कर्करोगाच्या धोक्याला कमी मापही पूर्ण सुरक्षित नाही.

औषधवाला_म्हापसा
पुढे हाडांसाठी अॅलेंड्रोनेटची आठवड्याची गोळी सुरू झाली तर एक लक्षात ठेवा. ती सकाळी उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. आदल्या रात्रीच्या पिण्याने छातीत जळजळ असताना ही गोळी घशाला आणखी त्रास देते.

पेडणेची_वैनी
परत आले. ग्लुकोमीटर घेतला. अडीचच्या जागेला चार वेळा मोजलं. एका रात्री ६१ निघाली, त्या दिवशी जावेने भात टाकला होता. साखरपाणी दिलं, १५ मिनिटांत ९० च्या वर आली. बाकी तीन रात्री ११० ते १३०, पण घाम तेवढाच. म्हणजे दोन्ही प्रकार आहेत.
डॉक्टरांनी ग्लिमेपिराइडची मात्रा आणि वेळ बदलली. हुर्राकाचं काय, ते जाऊबाईंनी अजून ठरवलेलं नाही. "मे संपू दे" म्हणतात. एक ग्लास आणि सात वाजता, इथवर आल्या आहेत. पेल्याला खूण मीच केली, ९० ला. रात्रीचा दिवा लावला.
एक विचारायचं राहिलं. हुर्राक न घेतलेल्या तीन दिवसांत वाफारा आला तो साडेबाराच्या आसपास, लहान, आणि पुन्हा झोप लागली. हे सुधारणं धरायचं का?

मीनाक्षी_फोंडा
तीन दिवसांवर नको. पण वेळ सरकली आणि परत झोप लागली, हे दोन्ही वहीत लिहा. दुसऱ्या आठवड्यातही तसंच दिसलं तर बोलू. आणि डेक्सा दोन वर्षांनी त्याच यंत्रावर करा, दुसऱ्या यंत्राच्या आकड्याशी तुलना करू नका.

सांगे_ते_सत्तरी
गुडघ्याच्या फेणीचं कुणी सांगितलंच नाही.